हजेरीपट आडवा वाचणारी मुलं

शिक्षक होण्याच्या परीक्षेत नापास झालेल्या मुलांनी आपल्याला नापास करणाऱ्या बाईंना एक लांबलचक पत्र लिहिलं आणि पुढे तेच पत्र जगभरच्या अध्यापक विद्यालयांतून वाचलं जाऊ लागलं, ही गोष्टच मुळात नवलाची आहे. पत्र १९६७ च्या मे महिन्यात इटलीत फ्लॉरेन्स शहरात छापलं गेलं. लेखक म्हणून कुणाचंही नाव नव्हतं, नुसतं ‘बार्बियानाची शाळा’ एवढंच. लिहिणारी आठ मुलं डोंगरातल्या शेतकऱ्यांची. मराठीत हे पुस्तक सुधा कुलकर्णी यांच्या अनुवादातून ‘प्रिय बाई’ या नावाने वाचलं जातं. शिक्षणावर मराठीत आलेल्या अनुवादांपैकी ज्याची प्रत हातोहाती फिरून जीर्ण होते, अशा मोजक्या पुस्तकांत ते आहे.

त्यातला संताप सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्यातलं गणित मात्र आपण वाचता वाचता ओलांडून जातो. या लेखात मला त्या गणिताबद्दलच बोलायचं आहे. ते एकदा समजलं की आपल्या सिद्धेश्वर धरणाच्या आसपासच्या शाळांचा हजेरीपट पूर्वीसारखा वाचताच येत नाही.

आधी बार्बियानाविषयी थोडं. लोरेन्झो मिलानी हा फ्लॉरेन्सच्या सधन, सुशिक्षित घरातला मुलगा पाद्री झाला आणि १९५४ च्या डिसेंबरात त्याला या डोंगरावरच्या चर्चमध्ये पाठवण्यात आलं. त्याची मतं वरिष्ठांना पचत नव्हती, म्हणून ही एक प्रकारची आडबाजूची बदली होती. वस्ती शंभरेक माणसांची, घरं विखुरलेली, वर येणारा धड रस्ता नाही. मिलानीने तिथे शाळा सुरू केली. ती सकाळी भरायची आणि संध्याकाळी सुटायची, रविवारीही आणि सुट्ट्यांतही. मोठी मुलं धाकट्यांना शिकवत. रोजचं वर्तमानपत्र मोठ्याने वाचून त्यातला शब्द न् शब्द उलगडला जाई. सरकारी शाळांनी नापास करून घरी पाठवलेली पोरं इथे येऊन बसत. पुढे त्यांच्यातले काहीजण शिक्षक होण्यासाठी शहरातल्या अध्यापक विद्यालयात गेले आणि तिथे पुन्हा नापास झाले. पत्र लिहायला निमित्त झालं ते हेच.

चिडून चार पानं लिहिणं सोपं होतं. या मुलांनी स्वतःला प्रश्न विचारला की आपण नापास झालो तो आपला एकट्याचा अनुभव, की यात काही रीत आहे? पुस्तकात जियान्नी आणि पिएरीनो अशी दोन मुलं येतात. पिएरीनो डॉक्टरचा मुलगा, घरीच लिहायला-वाचायला शिकलेला, म्हणून पहिली गाळून थेट दुसरीत बसतो. जियान्नी शाळेकडून दोन-तीनदा मागे ठेवला जातो आणि चौदाव्या वर्षी कामाला लागतो. प्रत्येक शाळेत असा जियान्नी असतोच. पण असे किती? आणि एवढे जियान्नी गळत असतील तर ते त्यांच्या बाईंना का दिसत नाहीत?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांनी शोधलं, आणि ते वाचताना मी अक्षरशः थबकलो. पुस्तकातले आकडे इटलीतले आहेत. मी तोच हिशेब आपल्या सोयीच्या आकड्यांत मांडतो.

समजा, पहिलीच्या वर्गात ३० मुलं आहेत. वर्षअखेर बाई ६ मुलांना मागे ठेवतात. पाचातलं एक, म्हणजे फार कठोरपणा नाही. उरलेली २४ दुसरीत जातात. पण दुसरीच्या वर्गात जून महिन्यात ३० मुलंच बसलेली दिसतात, कारण आदल्या वर्षी दुसरीत नापास झालेली ६ मुलं तिथेच आहेत. दुसरीचे गुरुजी पट मोजतात, तीसचे तीस. वर्षअखेर तेही ६ जणांना मागे ठेवतात. मूळ २४ पैकी त्यात साधारण ५ सापडतात, उरतात १९. तिसरीत पुन्हा जागा भरलेल्या, पट पुन्हा ३०. तिथून मूळचे १५ वर सरकतात, चौथीतून १२. पाचवीच्या वर्गात ३० मुलं हजर आहेत आणि त्यात पहिलीत एकत्र बसलेल्यांपैकी फक्त १२ आहेत.

आता प्रत्येक गुरुजींना विचारा, तुम्ही किती मुलं गमावलीत? प्रत्येकजण प्रामाणिकपणे सांगेल, सहा. कुणीच खोटं बोलत नाही. सहा-सहा करत एका तुकडीतली अठरा मुलं मागे पडली आणि चार वर्षांत एकाही वर्गात एकही बाक रिकामा दिसला नाही. वर्ग भरलेला दिसतो म्हणून गळती दिसत नाही, आणि वर्ग भरलेला असतो तो मागे पडलेल्यांनीच भरलेला असतो. बाईंना दिसतो तो वर्ग. मूल दिसायचं असेल तर वर्ग सोडून त्या मुलाच्या मागे वर्षानुवर्षं चालावं लागतं, आणि ते काम शाळेत कुणाचंच नसतं. लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्यांना ही रीत जुनी आहे, एका वर्षी जन्मलेल्यांचा गट धरून त्यांच्या मागे जायचं. शेतात राबणाऱ्या पोरांनी ती स्वतःच्या गरजेतून शाळेला लावली.

त्यासाठी त्यांनी केलेलं काम वाचून आदर वाटतो. सरकारी आकडेवारीचे ग्रंथ आणले, मिळाले त्या वर्गांचे पट मिळवले. नापास झालेलं मूल पुन्हा त्याच वर्गात बसलं की शेतावर गेलं, हे वेगळं केलं. बापाचा व्यवसाय आणि मुलाचा निकाल शेजारी शेजारी ठेवले. पुस्तकाच्या शेवटी हे तक्ते जोडले आहेत. त्यांतल्या सांख्यिकी कामासाठी इटलीतल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या संस्थेने, एरवी होतकरू शास्त्रज्ञांना दिलं जाणारं पारितोषिक या पुस्तकाला दिलं.

लिहिण्याची त्यांची पद्धतही तितकीच विलक्षण आहे आणि आपल्या छात्राध्यापकांनी ती एकदा तरी करून पाहावी. मारिओ लोदी नावाचे एक प्राथमिक शिक्षक १९६३ मध्ये बार्बियानाला आले. त्यांच्या वर्गातली मुलं आणि ही मुलं यांच्यात पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्यातून सगळ्यांनी मिळून एक मजकूर लिहिण्याची सवय लागली. प्रत्येकाच्या खिशात वही. सुचलेला एक विचार एका कागदावर, आणि तोही एकाच बाजूला. महिनोन् महिने असे कागद साठवायचे. मग एक दिवस सगळे मोठ्या टेबलावर पसरायचे, दोनदा आलेले काढून टाकायचे, एकमेकांशी नातं असलेल्यांचे ढीग करायचे. एक ढीग म्हणजे एक प्रकरण. ढिगातले छोटे ढीग म्हणजे परिच्छेद. प्रत्येक छोट्या ढिगाला नाव द्यायचं. नाव सुचत नसेल तर त्या ढिगात काहीच नाही किंवा एकाहून जास्त गोष्टी घुसल्या आहेत असं समजायचं. मग कात्री, डिंक, रंगीत पेन्सिली. कोण जास्त शब्द कमी करतो याची चुरस. शेवटी बाहेरच्या माणसाला, शक्यतो फार न शिकलेल्याला, वाचून दाखवायचं, आणि त्याला जे कळलं नाही ते पुन्हा लिहायचं. एक विचार, एक कागद ही साधी अट पाळली म्हणून आठ जणांचा मजकूर एका आवाजात आला. अशीच एकेक चिठ्ठी करण्याची रीत आपल्याला पुढे हजेरीपटासाठी लागणार आहे.

आता आपल्याकडे येऊ. सिद्धेश्वर धरण पूर्णेवर, औंढा नागनाथ तालुक्यात. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर, आणि इथलं पाणी कालव्यांनी वसमत, नांदेडच्या बाजूला उतरतं. धरणाच्या वरच्या अंगाची माळरानं मात्र पावसावरच आहेत. औंढा, सेनगाव भागातल्या वाड्या-तांड्यांवरून दसरा-दिवाळी झाली की कोयते निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको जोडीने ऊसतोडीला जातात. मागे सांभाळायला कुणी नसेल तर मुलंही बरोबर जातात, आणि थोरली मुलगी तर धाकट्याला सांभाळायला हवीच असते. कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलात मंडळी परत येतात.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवणं थांबलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, फेरपरीक्षा आणि त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात, अशी तरतूद आली. पण पहिली ते चौथीत जियान्नी मागे राहत नाही, सगळ्यांबरोबर वर सरकतो. मग बार्बियानाचं गणित इथे लागू पडतं का? पडतं. फक्त गळती दुसऱ्या जागी गेली आहे, आणि ती झाकणारा आकडाही दुसरा आहे.

पुन्हा तीस मुलांचा वर्ग घेऊ. प्राथमिकला वर्षाचे किमान २०० कार्यदिन. त्यातले १०० पहिल्या सत्रात, १०० दुसऱ्या सत्रात धरू. ६ मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर जातात आणि दुसरं सत्र जवळजवळ पूर्ण बाहेर असतात. गावात असताना सगळीच मुलं शंभरातले नव्वद दिवस येतात असं मानू. चोवीस मुलांचे वर्षाचे १८० दिवस, म्हणजे एकूण ४३२० हजेऱ्या. सहा मुलांच्या ९० प्रमाणे ५४०. बेरीज ४८६०. पूर्ण हजेरी असती तर ६००० झाल्या असत्या. वर्गाची सरासरी उपस्थिती ८१ टक्के.

एक्याऐंशी टक्के हा आकडा कुणालाही बरा वाटेल. केंद्रप्रमुखांच्या भेटीत त्यावर प्रश्न येणार नाही. आणि त्याच आकड्याच्या आत सहा मुलं बसली आहेत, ज्यांनी २०० पैकी ११० दिवस शाळा पाहिलेली नाही. पहिली ते पाचवी हेच चाललं तर १००० दिवसांतले ५५० गेले. कागदावर मूल पाचवी शिकलं, प्रत्यक्षात त्याला सव्वादोन वर्षांची शाळा मिळाली.

हे दिसत का नाही, याचं कारण हजेरीपटाच्या आखणीतच आहे. मुलांची नावं खालोखाल, तारखा आडव्या. गुरुजी रोज उभा रकाना भरतात आणि तळाशी आजची उपस्थिती लिहितात. महिनाअखेर त्या तळच्या आकड्यांवरून सरासरी काढतात आणि ती वर पाठवतात. पट उभा भरला जातो, उभा बेरजेला जातो. मूल मात्र आडव्या ओळीत राहतं. ओळीच्या टोकाला त्याची महिन्याची बेरीज असते, पण महिना संपला की पान उलटतं आणि पुढच्या महिन्याची ओळ मागच्याला जोडून कुणी वाचत नाही. बार्बियानाच्या मुलांनी जे वर्षांच्या बाबतीत केलं, तेच आपल्याला महिन्यांच्या बाबतीत करायचं आहे: एका मुलाची ओळ धरून आडवं चालत जायचं.

त्यासाठी एका मुलाला एक चिठ्ठी द्यायची. वर जनरल रजिस्टरचा क्रमांक आणि प्रवेशाची तारीख. खाली पहिली ते चालू इयत्तेपर्यंत प्रत्येक वर्षाची एक ओळ, आणि तीत जून ते एप्रिल महिन्यांचे चौकोन. प्रत्येक महिन्याच्या पटावरून फक्त ओळीच्या टोकाचा आकडा उचलून चौकोनात लिहायचा. तीस मुलांच्या वर्गाला दोन छात्राध्यापक बसले तर आंतरवासितेत हे काम सहज होतं. मग चिठ्ठ्या जमिनीवर पसरायच्या आणि सारख्या दिसणाऱ्यांचे ढीग लावायचे.

या ढिगांत काय दिसतं? आजाराने अधूनमधून गैरहजर राहणाऱ्या मुलाच्या चिठ्ठीत रिकामे चौकोन विखुरलेले असतात. बाजाराच्या दिवशी घरी राहणाऱ्याचा प्रत्येक महिना थोडा थोडा कमी असतो. स्थलांतर करणाऱ्याचा मात्र दरवर्षी तोच पट्टा कोरा असतो, नोव्हेंबर ते मार्च, एकाखाली एक. आणि हा पट्टा पाहताना जी गोष्ट लक्षात येते, तिने मला फार अस्वस्थ केलं. हे मूल नुसतं कमी दिवस शाळेत आलेलं नाही. ते दरवर्षी पहिलंच सत्र शिकलं आहे. पहिलीचं पहिलं सत्र, दुसरीचं पहिलं सत्र, तिसरीचं पहिलं सत्र. पुस्तकांचे उत्तरार्ध त्याने पाहिलेलेच नाहीत, आणि पुढच्या इयत्तेचा पूर्वार्ध बहुतेक वेळा मागच्या इयत्तेच्या उत्तरार्धावर उभा असतो.

अशा मुलाला आपण ‘कच्चा’ म्हणतो. पण तो सरसकट कच्चा असेल तर त्याच्या चुका सगळीकडे सारख्या पसरल्या पाहिजेत. चौथीतल्या अशा मुलाला तिसरीच्या पहिल्या सत्रातली पाच आणि दुसऱ्या सत्रातली पाच उदाहरणं द्या. पहिली बऱ्यापैकी सुटली आणि दुसरी अजिबात नाही, तर अडचण मुलाच्या डोक्यात नाही, त्याच्या कॅलेंडरात आहे. दोन्ही सारखीच अडखळली तर कारण दुसरं आहे आणि ते शोधलं पाहिजे, कदाचित डोळे, कदाचित घरातली बंजारा बोली आणि पुस्तकाची भाषा यांतलं अंतर. दहा उदाहरणांत हा फरक कळतो.

‘प्रिय बाई’ तीन गोष्टी मागते. कुणाला नापास करू नका. जी मुलं मंद वाटतात त्यांना पूर्णवेळ शाळा द्या. आणि जी आळशी वाटतात त्यांना शिकण्याचं काही प्रयोजन द्या. आपल्याकडे वाद झाला तो पहिल्या मागणीवर, ढकलगाडी नको की हवी. पण मुलांनी पहिली मागणी दुसरीशिवाय केलेलीच नाही. बार्बियानात नापास करणं नव्हतं, कारण तिथे वेळ होता. एकाला कळेपर्यंत बाकीचे थांबत. मला वाटतं, आपण पहिली मागणी घेतली आणि दुसरी मागेच राहिली, आणि आता पहिली जमली नाही असं म्हणून पाचवीत पुन्हा नापास करायला लागलो. कायद्यात वेळेची तरतूद नाही असं नाही. वयानुरूप वर्गात घेतलेल्या मुलासाठी कलम ४ मध्ये विशेष प्रशिक्षण आहे. सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरावं असं आपली यंत्रणा सांगते. गावातच थांबवायचं तर हंगामी वसतिगृह आहे, जाणाऱ्यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे. पण हे सगळं मिळायला आधी ते मूल दिसावं लागतं, आणि ८१ टक्क्यांत ते दिसत नाही.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सगळा रोख एका बाईवर आहे, आणि त्या बाईंना कोणती सोय होती, किती मुलं होती, हे कुठेच येत नाही. शिक्षक म्हणून वाचताना हा अन्याय टोचतो. बार्बियानात एकच माणूस आयुष्य ओतून विसेक मुलांसाठी उभा होता. पगार, बदली, निवडणुकीचं काम असलेल्या शिक्षकाकडून तसं मागता येत नाही. मुली या पुस्तकात फार कमी आहेत. आपल्या तांड्यावर तर आधी थोरल्या बहिणीचीच चिठ्ठी कोरी होते. आणि लेखन खरंच मुलांचं किती, मिलानीचं किती, याची चर्चा इटलीत आजही होते. मिलानी तेव्हा कर्करोगाने अंथरुणाला खिळला होता. पुस्तक आल्यावर महिन्याभरात, २६ जून १९६७ रोजी, चव्वेचाळिसाव्या वर्षी तो गेला. माझ्या मते आवाज त्याच्या तालमीत तयार झालेला आहे, पण मोजणी आणि कागदांचे ढीग मुलांच्या हातचे आहेत.

चिठ्ठ्या करताना काही ठिकाणी फसायला होतं. दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेलं मूल गळालं असं धरू नये. नव्या शाळेत विचारून खात्री करावी. परत येऊन पुन्हा दाखल झालेल्याला नवा क्रमांक मिळालेला असतो आणि एकाच मुलाच्या दोन चिठ्ठ्या होतात. आईचं नाव आणि जन्मतारीख जुळवली की त्या सापडतात. उलट, गावाबाहेर होतं हे सगळ्यांना माहीत असलेल्या मुलाची ओळ पूर्ण भरलेली दिसली, तर त्या पटावरून काहीच काढता येत नाही. तिथे घरी जाऊन विचारावं: कधी गेलात, कुठल्या कारखान्याला, कधी आलात. मुकादमाची उचल आणि परतीची तारीख आईला पक्की पाठ असते.

मग जूनमध्ये चौथीच्या गुरुजींच्या हातात सहा चिठ्ठ्या असतील. या सहांसाठी वर्षाची सुरुवात तिसरीच्या उत्तरार्धापासून करायची, रोज थोडा जास्तीचा वेळ काढून, आणि दिवाळीच्या आत चौथीच्या दुसऱ्या सत्रातल्या दोन-तीन मुख्य घटकांची तोंडओळख करून द्यायची. जे आलं त्याची नोंद चिठ्ठीच्या मागच्या बाजूला. टोळी निघण्याच्या आदल्या आठवड्यात ती चिठ्ठी शिक्षण हमी पत्रकासोबत आईबापांच्या हाती द्यायची, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत मूल पोचलंच तर तिथल्या शिक्षकांना कुठून सुरुवात करायची ते पहिल्याच दिवशी कळेल.